पेडण्यातल्या देवळातला कावीचा मोर आणि हातात धरून काढलेले 24 फोटो

आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका देवळाच्या भिंतीवर कावी काम आहे, चुन्याचा गिलावा, त्यावर काव मिसळलेला लाल थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा केलेला. बऱ्याच देवळांतलं हे काम ऑइल पेंटखाली गेलंय, इथलं वाचलंय. पण सभामंडपाच्या वरच्या पट्ट्यातल्या मोराच्या चौकटीचा गिलावा सुटत चाललाय, बोटाने वाजवला तर पोकळ वाजतो असं गवंडी बोलला. परांची पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात बांधणार असं ठरलेलं, आणि माझा मामा तिथल्या महाजनांपैकी, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांपैकी, त्याने मला मे महिन्यात फोन केला, "अरे, पावसात पडलं तर परत काढायला गवंड्याकडे काहीतरी हवं ना, तू फोटो काढून ठेव, पण असा काढ की रेघा मोजता आल्या पाहिजेत."

सगळं घोडं ह्या रेघा मोजण्यावरच अडलं.

मोराच्या मानेत आडव्या बारीक रेघा आहेत, साधारण अडीच मिलिमीटरला एक. चौकट जमिनीपासून तीन मीटर वर, समोर कठडा, त्यामुळे चार मीटरपेक्षा जवळ जाता येत नाही. शिडी नको म्हणाले, भिंतीला टेकली तर गिलावा आत्ताच खाली यायचा. माझ्याकडे साधा मिड-रेंज फोन, टेलिफोटो लेन्स नाही. मेन कॅमेरा 50 मेगापिक्सेलचा म्हणतात पण चार-चार पिक्सेल जोडून 12 मेगापिक्सेलचा फोटो देतो. चार मीटरवरून त्या फोटोतला एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरचे सुमारे 1.3 मिलिमीटर, आणि मीटरभर रुंद चौकट पूर्ण फोटोत जेमतेम 750 पिक्सेल रुंद येते.

आता हिशोब बघा. एक पांढरी रेघ आणि तिच्या शेजारची लाल जागा मिळून एक जोडी, ती दिसायला निदान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे 2.6 मिलिमीटर. आमच्या रेघा अडीचवर. बरोब्बर काठावर, किंचित पलीकडेच. अशा वेळी फोटोत रेघा नुसत्या पुसट होत नाहीत, खोट्या रेघा येतात. पहिला फोटो झूम करून बघितला तर मोराच्या मानेत चार जाड, लाटांसारखे पट्टे, आणि मामा तर म्हणाला "हे बघ, दिसतायत की रेघा". त्या रेघा भिंतीवर नाहीतच मामा. ह्याला मोआरे म्हणतात, टीव्हीवर बारीक चौकड्याचा शर्ट घातलेला माणूस आला की शर्टावर रंग नाचतात ना, तोच प्रकार.

पण मोआरे वाईट बातमी नाही, उलट हेच मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. मोआरे दिसतंय ह्याचा अर्थ लेन्सने बारीक रेघा सेन्सरपर्यंत पोचवल्यात, फक्त पिक्सेल विरळ असल्यामुळे त्या चुकीच्या नोंदल्या गेल्या. माहिती आत आलीय, गोंधळलेल्या स्वरूपात. मग फोन अर्ध्या पिक्सेलइतका सरकवून परत फोटो काढला तर तोच गोंधळ वेगळ्या जागी नोंदला जातो, आणि असे पंधरा-वीस फोटो एकमेकांवर नीट बसवले की पिक्सेलांच्या मधल्या जागा भरतात. अर्धा पिक्सेल सरकवायला काही करावं लागत नाही, हात आपसूक थरथरतो, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा, प्रत्येकाचाच. एकापेक्षा जास्त फोटोंतून रिझोल्यूशन वाढवायची कल्पना 1984 मध्ये त्साई आणि हुआंग यांनी मांडलेली, आणि गूगलने 2018 मध्ये आपल्या पिक्सेल 3 ह्या फोनमध्ये हाताच्या थरथरीवरच चालणारा झूम आणला, त्याचा पेपर 2019 चा. तिथे सगळं फोनच्या आत काही क्षणांत होतं, मला ते घरच्या लॅपटॉपवर हाताने करायचं होतं कारण माझ्या फोनमधला झूम नुसताच फोटो ताणतो.

पहिली फेरी, जी वाया गेली

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. फोटो हलू नये म्हणून फोन कठड्यावर टेकवला, खाली टॉवेलची घडी ठेवली, टायमर लावला आणि वीस फोटो काढले. घरी येऊन सगळे जोडले, सरासरी काढली, आणि चित्र एकदम गुळगुळीत, दाणे गायब, बघायला छान. पण मानेत तेच चार जाड पट्टे! जागचे हलले नाहीत.

मग एकेक फोटो दोनशे टक्क्यांवर उघडून पटापट पुढेमागे केले तेव्हा कळलं. विसाच्या वीस फोटोंत पट्टे त्याच जागी होते. फोन हललाच नाही, म्हणजे मी एकच फोटो वीस वेळा काढला होता. त्याने नॉइज, म्हणजे ते दाणे, कमी होते पण नवीन तपशील शून्य. (पिक्सेल 3 ला हीच अडचण होती, ट्रायपॉडवर ठेवला की तो फोन ओआयएसची, म्हणजे एरवी थरथर झेलणारी, लेन्स स्वतःच हळूच हलवतो. आपल्या फोनला असं सांगता येत नाही.)

दुसरी चूक अशी की ते जेपेग होते. फोनने प्रत्येक फोटोवर आधीच आपली इस्त्री फिरवलेली, नॉइज घालवताना बारीक रेघा पुसलेल्या, वर शार्पनिंग करून कडांना पांढरी किनार लावलेली, आणि ती किनार सगळ्या फोटोंत सारखीच असल्याने सरासरीत आणखी पक्की होते. 50 मेगापिक्सेलचा मोडही करून बघितला, पण सभामंडपाच्या त्या उजेडात चित्र रंगाने सारवल्यासारखं येतं आणि माझ्या फोनमध्ये त्या मोडला रॉ, म्हणजे इस्त्री न फिरवलेला सेन्सरचा कच्चा फोटो, मिळत नाही, म्हणून तो सोडला.

दुसरी फेरी

दोन दिवसांनी सकाळी दहाला परत गेलो. भटकाका नैवेद्याच्या गडबडीत होते, मला बघून म्हणाले, "परत आलास? परवा काढलेस ना रे फोटो?" म्हटलं, "काका, परवा हात हलला नाही, म्हणून परत." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांना पट्टे दाखवले, तेव्हा पटलं, आणि पंखेसुद्धा बंद करून दिले कारण मध्ये टांगलेल्या पताका वाऱ्याने हलत होत्या.

ह्या वेळी रॉ काढणारं कॅमेरा ॲप घेतलं, डीएनजी फाइल देणारं. फोकस मोरावर लावून लॉक, एक्स्पोजर लॉक, व्हाइट बॅलन्स लॉक. फोकस लॉक न केल्यास प्रत्येक फोटोत लेन्स किंचित मागेपुढे होते आणि चित्राचा आकार केसभर बदलतो, मग जुळवताना त्रास. शटर 1/125 आणि आयएसओ 400. हे दोन्ही तोलून घ्यावं लागतं, थरथर दोन फोटोंच्या मध्ये हवी, एका फोटोच्या आत नको. शटर हळू ठेवला तर प्रत्येक फोटो आतूनच पुसट होतो आणि तसे पन्नास जोडले तरी पुसटच. उलट आयएसओ वाढल्याची एवढी भीती नको, दाणे सरासरीत जाणारच आहेत.

उभा राहिलो, कोपरं अंगाशी घट्ट, श्वास नेहमीसारखा, आणि 24 फोटो काढले. ॲप रॉ मध्ये सेकंदाला एकच फोटो घेत होतं, काही बिघडत नाही, भिंत कुठे पळून जात नाही. पावलं मात्र जागची हलवायची नाहीत. हात वळला तर सगळं चित्र एकसारखं सरकतं, ते जुळवता येतं, पण आपण अर्धा फूट बाजूला सरकलो तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू वेगवेगळ्या सरकतात आणि मग दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत.

आणखी एक काम केलं, ज्याच्यामुळे नंतर झोप लागली. त्याच भिंतीवर खाली, हाताला येईल इतक्या उंचीवर, त्याच कारागिराच्या हातची वाटावी अशी वेलीची नक्षी आहे, तशाच बारीक रेघांची. तिचेही चार मीटरवरून, त्याच सेटिंगवर, हातातच 24 फोटो काढले, आणि मग जवळ जाऊन फुटाभरावरून एक. म्हणजे जोडलेल्या चित्रात जे दिसेल ते खरं की खोटं, हे तपासायला माझ्याकडे उत्तरपत्रिका होती.

लॅपटॉपवर

आधी सगळे फोटो नुसते बघितले, दोनशे टक्क्यांवर, पुढेमागे करत. पट्टे नाचत होते! एका फोटोत मानेतला जाड पट्टा चोचीखाली, पुढच्यात तो अर्धी मान खाली, तिसऱ्यात उलटा झुकलेला. हे बघून जेवढा आनंद झाला तेवढा शेवटचं चित्र बघूनही झाला नाही. ह्या कामाची खरी परीक्षा हीच, जोडायच्या आधी दोन मिनिटांत होते, पट्टे सरकत असतील तर आत काहीतरी आहे, जागच्या जागी असतील किंवा मुळात पट्टेच नसून नुसतं मऊ धुकं असेल तर लॅपटॉप तापवण्यात अर्थ नाही.

24 पैकी सात फोटो आतून हललेले निघाले, ते काढून टाकले, राहिले 17. मोह होतो सगळे वापरायचा, पण एक पुसट फोटो सरासरीत आपला पुसटपणा घेऊनच येतो.

मग रॉ फोटो उघडणाऱ्या रॉथेरपी ह्या प्रोग्राममध्ये सतराही एकाच प्रोफाइलने उघडले, शार्पनिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद, आणि 16 बिटचे टिफ काढले. पूर्ण फोटो दुप्पट करून जुळवायला गेलं तर एकेक फाइल तीनशे एमबीची होते, म्हणून आधी फक्त मोराभोवतीचा तुकडा कापला, चारी बाजूंनी जागा सोडून, कारण हातातल्या फोटोंत मोर प्रत्येक वेळी थोडा इकडेतिकडे असतो. पुढचं सगळं हगिन ह्या फोटो जोडायच्या प्रोग्रामसोबत येणाऱ्या जुळवणीच्या टूलने आणि इमेजमॅजिकने:

```
mkdir -p up
for f in tif/*.tif; do
  magick "$f" -crop 1600x1300+1200+600 +repage \
    -filter Point -resize 200% "up/$(basename "$f")"
done
align_image_stack -v -m -f 29 -c 20 -a al_ up/*.tif
magick al_*.tif -evaluate-sequence mean sum.tif
magick sum.tif -unsharp 0x1.5+1.2+0 mor.tif
```

ह्यात जुळवायच्या आधीच दुप्पट करायचं, नंतर नाही, ही गोष्ट बरेच जण उलटी करतात. मूळ आकारातच जुळवलं तर प्रत्येक फोटो परत त्याच विरळ पिक्सेलांच्या जाळ्यात बसवला जातो आणि अर्ध्या पिक्सेलचा जो फरक आपण कमावला तो तिथेच जातो. `Point` म्हणजे पिक्सेल जसाच्या तसा दुप्पट, शेजाऱ्याशी न मिसळता, दिसायला ठोकळ्यासारखं पण जुळवणीत ते ठोकळे एकमेकांत मुरतात. `-f 29` हा तुकड्याचा आडवा कोन अंशांत, माझ्या लेन्सच्या हिशोबाने 1600 पिक्सेलचा तेवढा येतो, कापलेल्या फाइलला जुना कोन लागू पडत नाही म्हणून तो हाताने द्यायचा. तुमच्या फोनचा वेगळा येईल.

पहिल्यांदा चालवलं तर मान दोनदा दिसली, एकावर एक सावलीसारखी. कारण शोधायला संध्याकाळ गेली. मोराच्या पुढे छताला टांगलेल्या समईची साखळी तुकड्याच्या कोपऱ्यात येत होती. ती भिंतीपेक्षा दीड-दोन मीटर माझ्या जवळ, त्यामुळे माझ्या हाताबरोबर ती भिंतीपेक्षा जास्त सरकणार, आणि प्रोग्रामला जुळवणीचे बिंदू धरायला ती चकचकीत पितळी साखळीच सगळ्यात आवडली. साखळी मस्त जुळली, भिंत बिघडली. तुकडा अलीकडे कापून साखळी बाहेर ठेवली आणि पुढच्या वेळी मान एकच आली. जुळवणी बिघडलीय हे ओळखायची सोपी खूण, चित्राच्या एका बाजूला रेघा सुटसुटीत आणि दुसऱ्या बाजूला डबल. सगळीकडे सारखंच पुसट असेल तर तो दोष जुळवणीचा नसतो.

सरासरी काढल्यावर `sum.tif` उघडली की निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. मऊ, दुधाळ दिसते. रेघा तिच्यात आहेत पण फिक्या, कारण प्रत्येक पिक्सेल मुळात सुमारे 1.3 मिलिमीटरच्या चौकोनाची सरासरीच नोंदवतो आणि वर जुळवणीने थोडं पुसलेलं असतं. इथे शार्पनिंग लागतं आणि इथेच ते परवडतं, 17 फोटोंच्या सरासरीने नॉइज चौथ्या हिश्श्यावर आलेली असते, म्हणून रेघा वर खेचताना दाणे वर येत नाहीत. हेच शार्पनिंग एका फोटोवर केलं तर भिंतीला देवी आल्यासारखं दिसतं.

आणि कावीपुरती एक खास गोष्ट. लाल आणि पांढऱ्याचं हे चित्र लाल चॅनलमध्ये जवळजवळ दिसतच नाही, कारण लाल उजेड दोन्ही रंग परत पाठवतात. रेघा हिरव्या आणि निळ्या चॅनलमध्ये असतात. सेन्सरवर हिरवे पिक्सेल अर्धे आणि निळे फक्त पाव, म्हणून मी मोजायला नुसता हिरवा चॅनल वेगळा काढून काळापांढरा बघतो, त्यात रेघा सगळ्यात स्वच्छ.

काय मिळालं, काय नाही

आधी उत्तरपत्रिका. खालच्या वेलीच्या एका पानात जवळच्या फोटोत 14 रेघा. लांबून काढलेल्या एका फोटोत पाच पट्टे. जोडलेल्या चित्रात 14. मी तीन वेळा मोजल्या, मग भाचीला न सांगता मोजायला लावल्या, तिनेही 14 च सांगितल्या. त्यानंतरच मोराकडे वळलो, आणि मानेत जिथे चार पट्टे होते तिथे 13 रेघा, त्यातली सातवी मध्येच तुटलेली, कारागिराचं टोक तिथे उचललं गेलं असणार. ती तुटलेली जागा बघून मी खुर्चीत तसाच बसून राहिलो थोडा वेळ.

पण पिसाऱ्याच्या टोकाला उलटसुलट जाळीदार रेघा आहेत, एकमेकींपासून मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरवर, त्या सुटल्या नाहीत. तिथे मऊ गुलाबी रंगच आहे. दुप्पट केल्यावर एक पिक्सेल सुमारे 0.65 मिलिमीटरचा, म्हणजे अगदी आदर्श हिशोबाने 1.3 मिलिमीटरच्या जोडीपर्यंतच जाता येतं, त्याखाली नाही. तिप्पट करूनही बघितलं, फाइल मोठी झाली, जाळी तशीच. फोटोंची संख्या वाढवूनही ती येणार नाही, कारण तेवढं बारीक पिक्सेलच्या स्वतःच्या रुंदीत आणि लेन्सच्या पुसटपणातच विरघळलेलं असतं, हात कितीही थरथरला तरी. ज्यांच्या फोनला टेलिफोटो आहे त्यांनी तोच वापरावा, पण त्याची लेन्स सहसा अंधारी आणि पिक्सेल बारीक, तिच्यात बऱ्याचदा मोआरे येतच नाही, मग असं जोडून नॉइज कमी होईल, रेघा वाढणार नाहीत. तिथेही आधी पट्टे नाचतात का ते बघायचं.

चौकट आता 1500 पिक्सेल रुंद झाली, ए-फोर कागदावर आडवी छापली आणि गवंड्याला नेऊन दिली. जाळीच्या जागेभोवती पेन्सिलने गोल करून लिहिलं, "इथलं फोटोत नाही, वर चढून बघ." त्याने चष्मा वर करून कागद अगदी नाकापाशी नेला, नखाने मानेतल्या रेघा मोजल्या, आणि सातवीवर थांबून विचारलं, "ही तुटलीय ती छापताना की भिंतीवर?" म्हटलं भिंतीवर.

जुलैत एका रात्री तळहाताएवढा तुकडा पडला, मानेचा खालचा भाग, आठवीपासून तेरावीपर्यंतच्या रेघा गेल्या. भटकाकांनी सकाळी तुकडे गोळा करून परातीत ठेवले होते पण ते पार भुगा झालेले. पिसाऱ्याची जाळी अजून भिंतीवर आहे. गवंड्याने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून अग्रशाळेच्या कपाटात ठेवलाय, आणि परांची बांधली की पहिल्याच दिवशी जाळी मोजायला तो वर चढणार आहे, फुटाभरावरून फोटो काढायला मीही.